पुढचा सामना किती मिनिटांनी?

कुमार गटातला कबड्डीचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन भागांत खेळला जातो, मध्ये ५ मिनिटांचं मध्यंतर. ऐकायला हे थोडकंच वाटतं. पण एकदिवसीय स्पर्धेत तोच मुलगा सकाळी साखळीतले दोन सामने खेळतो, दुपारनंतर उपांत्यपूर्व, मग उपांत्य आणि संघ जिंकत राहिला तर अंतिम. दोन सामन्यांच्या मध्ये कधी तीन तास मिळतात, कधी जेमतेम पंचवीस मिनिटं. आयोजकांनी भिंतीवर लावलेलं वेळापत्रक अकरा वाजेपर्यंत कोलमडलेलं असतं. अशा दिवशी काय खायचं, असं खेळाडू आणि पालक विचारतात. त्याआधी दुसराच एक प्रश्न विचारायला हवा: पुढचा सामना किती मिनिटांनी आहे? त्याच्या उत्तरावर ताटातलं किंवा डब्यातलं सगळं ठरतं.

कारण एरवी चांगलं असलेलं बरंचसं अन्न त्या दिवशी चुकीचं ठरतं. मोड आलेली मटकी, उकडलेली अंडी, शेंगदाण्याची चिक्की, ग्लासभर दूध, ज्वारीची भाकरी हे सगळं वाढत्या वयाच्या खेळाडूनं रोज खावंच. पण प्रथिनं, चरबी आणि चोथा या तिन्हींमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं, साखरेचं पातळ सरबत त्याच्या मागोमाग. केळं, बिस्किट, मऊ भात यांना त्याहून जास्त वेळ लागतो आणि तळलेल्या वड्याला किंवा तर्रीदार मिसळीला कित्येक तास. सामना सुरू झाला की शरीर रक्त पायांकडे आणि फुफ्फुसांकडे वळवतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं. पचनाचं काम तिथेच रेंगाळतं. मग ढेकर, मळमळ, पोटात गोळा आणि कधी मैदानाच्या कडेला उलटी.

कबड्डीत ही अडचण इतर खेळांपेक्षा जास्त जाणवते. चढाई करणाऱ्याला ‘कबड्डी कबड्डी’चा उच्चार तोडायचा नसतो आणि त्याच वेळी धावायचं, वाकायचं, उसळी मारायची असते. भरलेलं पोट श्वासपटलाला खाली सरकू देत नाही, त्यामुळे श्वास अपुरा पडतो. शिवाय पकड झाली की तीन-चार जणांचं वजन अंगावर येतं आणि कमरेला घातलेला विळखा थेट पोटावर आवळतो. वडापाव खाऊन कॅरम खेळता येईल, साखळी तोडून मध्यरेषा गाठता येणार नाही.

मग उपाशीच खेळावं का? तेही चालत नाही. चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची असते, पण त्यातला वेग पूर्ण ताकदीचा असतो. एवढ्या वेगाला लागणारी ऊर्जा चरबी जाळून वेळेत मिळत नाही. ती मुख्यतः स्नायूंमध्ये साठवलेल्या ग्लायकोजेनमधून, म्हणजे पिष्टमय पदार्थांपासून बनलेल्या साठ्यातून येते. पहिल्या सामन्यात हा साठा पुरतो. दुसऱ्याच्या उत्तरार्धात तो कमी पडू लागतो आणि तिसऱ्यात त्याची किंमत मोजावी लागते.

इथे एक मर्यादा समजून घ्यायला हवी. रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा भरपूर खाल्लं तरी तासाला साधारण ५ टक्क्यांच्या गतीनं भरतो. पूर्ण भरायला २० ते २४ तास लागतात. म्हणजे दोन सामन्यांमधल्या तासाभरात कितीही खाल्लं तरी स्नायू पुन्हा भरून निघत नाहीत. त्या तासातल्या खाण्याचं काम वेगळं आहे. रक्तातली साखर टिकवणं, मेंदूला तरतरीत ठेवणं आणि उरलेला साठा थोडा वाचवणं, इतकंच. खरी भरणी आदल्या दिवशी होते.

म्हणून स्पर्धेचा आहार आदल्या संध्याकाळी सुरू होतो. त्या रात्री भात किंवा पोळी नेहमीपेक्षा थोडी जास्त, सोबत पातळ वरण, बटाट्याची किंवा दुधीची कमी तेलाची भाजी आणि दही. उसळ, कच्ची कोशिंबीर, पालेभाजी, भाकरी एक दिवस बाजूला ठेवलेली बरी. चोथा कमी गेला की सकाळी आतडं हलकं असतं आणि ऐन सामन्याच्या वेळी शौचाला पळावं लागत नाही.

याचा दुसरा फायदा वजन काट्यावर दिसतो. कबड्डीत वयोगटाला वजनाची मर्यादा असते. कुमार गटात मुलांना ७० किलो आणि मुलींना ६५, किशोर गटात ५५. मर्यादेच्या काठावरची मुलं आदल्या दिवशी जेवण सोडतात, पाणी तोडतात, जाड कपडे घालून धावतात. काटा त्यांना पास करतो, पण शरीरातलं पाणी वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास घटलं की दमछाक लवकर होते आणि उन्हात तर खेळ स्पष्ट खाली येतो. ६० किलोच्या मुलासाठी हे २ टक्के म्हणजे फक्त सव्वा किलो. चोथा कमी केल्यानं आतड्यातला ऐवज कमी होतो, वजन थोडं उतरतं आणि पाण्याला हात लावावा लागत नाही. पण ही सवलत थोडक्याचीच आहे. दोन-तीन किलोंचा फरक असेल तर तो आठवड्यांच्या हिशेबानं, जाणकाराच्या देखरेखीखाली मिटवायचा किंवा वरच्या गटात खेळायचं. वाढत्या वयातल्या मुलाला रात्रभर तहानलेलं ठेवणं हा मार्ग नव्हे.

आता एक अख्खा दिवस बघू. खेळाडू ६० किलोचा, कुमार गटातला, डाव्या बाजूनं चढाई करणारा. वजनाची चिंता नाही. आठ वाजता हजेरी आणि वजन, साडेनऊला पहिला सामना.

न्याहारी साडेसहाला, म्हणजे सामन्याच्या तीन तास आधी. अशा वेळी शरीराच्या दर किलोमागे १ ते २ ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत, असा ढोबळ हिशेब आहे. या मुलासाठी दीड ग्रॅमनं ९० ग्रॅम होतात. ७५ ग्रॅम कोरड्या पोह्यांचे कांदेपोहे, तेल आणि शेंगदाणे बेताचे, एक केळं आणि साखर घातलेला कपभर चहा, इतक्यात ते भरतात. पोहे नको असतील तर चार-पाच इडल्या, चटणीऐवजी पातळ सांबार आणि वर केळं. सोबत दोन ग्लास पाणी. ज्याला वजन झाल्याशिवाय खायचं नसेल त्याच्या हातात दीडच तास उरतो. त्यानं याच्या निम्मं खावं आणि ते मऊ असावं, म्हणजे गुळाचा शिरा किंवा पोळीला जॅम लावून केलेली गुंडाळी.

साडेनऊ वाजतात. उद्घाटनाचे पाहुणे यायचे आहेत, नारळ फुटलेला नाही. आता सामना दहाच्या पुढे जाणार, हे उघड आहे. न्याहारीला तीन तास होऊन गेलेत, पोटात हलकी भूक आहे. इथे बहुतेक मुलं एक तर काहीच खात नाहीत किंवा मैदानाबाहेरच्या गाडीवरून समोसा घेऊन येतात. यानं तीन-चार ग्लुकोज बिस्किटं खायची आणि चार घोट पाणी प्यायचं. उशीर कितीही लांबला तरी दर अर्ध्या तासानं इतकंच.

सामना १० वाजून १० मिनिटांनी सुरू होतो आणि ११ला संपतो. आता पहिलं काम पंचांच्या टेबलाकडे जाणं. पुढचा सामना किती वाजता, असं विचारून उपयोग नाही. आपल्या मैदानावर आपल्या आधी किती सामने आहेत, हे विचारायचं. खेळ ४० मिनिटांचा, मध्यंतर ५, त्यात दोन्ही संघांनी घेतलेले टाइमआउट, दुखापतीसाठी थांबलेला खेळ आणि पुढच्या संघांची नाणेफेक. एका सामन्यामागे ५० ते ५५ मिनिटं धरली तर अंदाज सहसा चुकत नाही. मध्ये एकच सामना असल्याचं कळतं, म्हणजे साधारण पाऊण ते एक तास.

तासाभराच्या अशा मध्यंतरात जे खायचं ते पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. एक केळं, तीन-चार छोटे खजूर आणि वाटीपेक्षा थोडं मोठं पेलाभर लिंबू सरबत. यातून ५० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ आणि साखर मिळते आणि शेवटचा अर्धा तास पोटाला मोकळा सोडता येतो. नंतर फक्त घोट-घोट पाणी. मुलं नेमकं उलट करतात. संपलेल्या सामन्यावर अर्धा तास बोलतात, दुसऱ्यांचा सामना बघतात आणि आपल्या संघाचं नाव पुकारल्यावर घाईनं केळं तोंडात कोंबतात. ते केळं पुढची चढाई होईपर्यंत पोटातच असतं.

दुसरा सामना ११ वाजून ५५ मिनिटांनी सुरू होऊन पाऊणच्या सुमारास संपतो. संघ बाद फेरीत पोचलाय आणि पुढचा सामना चारला जाहीर झालाय. आता तीन तास आहेत, त्यामुळे जेवता येतं. मात्र जेवायचं ते लगेच, सव्वाच्या आत. अडीचला जेवलं तर ते चारला आडवं येईल. आयोजकांच्या पाकिटात पुरी-भाजी, पुलाव आणि जिलेबी असेल तर पुलाव घ्यावा, पुरी सोडावी, जिलेबीचा एखादा वेढा चालेल. घरून डबा आणला असेल तर दोन वाट्या मऊ भात, पातळ वरण, चवीला मीठ-लिंबू, वर अर्धा चमचा तूप. पोट पूर्ण भरेपर्यंत खायचं नाही, भूक थोडी शिल्लक ठेवायची. दहीभात थंडीच्या दिवसांत ठीक, पण डबा उन्हात राहणार असेल तर नको. कापून ठेवलेलं कलिंगड आणि बाहेरचा बर्फ याच कारणासाठी टाळावा. पोट बिघडलं तर पुढचं सगळं गणित व्यर्थ.

सव्वातीनला भूक नसली तरी एक राजगिऱ्याचा लाडू किंवा चार बिस्किटं. उपांत्यपूर्व सामना चारला सुरू होऊन पाच वाजायला दहा मिनिटं असताना संपतो. उपांत्य साडेपाचला, म्हणजे हातात ४० मिनिटं. केळं आता अर्धंच, खजूर दोन आणि पेलाभर सरबत, तेही पहिल्या दहा मिनिटांत. उपांत्य सामना सहा वीसला संपतो आणि अंतिम पावणेसातला पुकारतात. पंचवीस मिनिटांत चावून खायचं काहीच नाही, कारण त्याचा उपयोग सामन्यात होण्याआधी त्रासच होईल. सरबताचे घोट, फार तर तोंडात विरघळणारा गुळाचा छोटा खडा. एवढ्यानं काय होणार, असं वाटेल. पण साखरेचं पाणी तोंडात खेळवून थुंकलं तरी तासाभराच्या जोरकस व्यायामात कामगिरी थोडी सुधारते, असं सायकलपटूंवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तोंडातली साखर मेंदूला इंधन येत असल्याची खबर देते. ज्याला अंतिम सामन्याच्या ताणानं काहीच गिळवत नाही, त्याच्यासाठी ही युक्ती मध्यंतरातही कामाची आहे.

सरबताचं प्रमाण मात्र नीट सांभाळायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एक लिटर पाण्यात चार सपाट मोठे चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर, पाव छोटा चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस. हे सरबत साधारण ५ टक्के गोड होतं आणि पोटातून लवकर पुढे जातं. गोडी ८ टक्क्यांच्या वर गेली की पोट रिकामं व्हायची गती मंदावते. पाकिटातला आंब्याचा रस याहून बराच गोड असतो, तो निम्मं पाणी घालून घ्यावा. ग्लुकोजची पावडर तळहातावर घेऊन चाटणारी मुलं प्रत्येक स्पर्धेत दिसतात. ती इतकी घट्ट असते की आतडं तिला पातळ करायला शरीरातलंच पाणी ओढून घेतं. तहान लागलेल्या खेळाडूच्या पोटात मग कळा येतात आणि दोष त्या दिवशीच्या जेवणाला जातो. तीच पावडर पेलाभर पाण्यात एक सपाट मोठा चमचा घालून घेतली तर काही बिघडत नाही.

ओआरएस हे वेगळं पेय आहे. त्यात लिटरमागे ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम आणि मीठ भरपूर. घामातून गेलेलं पाणी-मीठ भरायला ते उत्तम, पण त्यातून ऊर्जा फारशी मिळत नाही. वजनासाठी तहानलेला राहिलेला मुलगा काट्यावरून उतरला की त्याला हेच घोट-घोट द्यावं, एकदम बाटलीभर नाही. नुसतं पाणी भरपूर प्यायलं तर रक्त थोडं पातळ होतं, तहान लवकर भागल्यासारखी वाटते आणि बरंचसं पाणी लघवीवाटे निघून जातं. मीठ पाण्याला शरीरात धरून ठेवतं. शहाळ्यात पोटॅशियम पुष्कळ पण सोडियम कमी, म्हणून शहाळं पिताना चार खारी बिस्किटं सोबत खावीत. सामन्यानंतर ज्याच्या गडद बनियनवर पांढरे डाग उमटतात, त्याच्या घामात मीठ जास्त जातं. त्यानं सरबतात चिमूटभर मीठ वाढवायला हरकत नाही.

किती प्यायचं, हे सरावाच्या दिवशीच कळून घेता येतं. सरावाआधी आणि नंतर घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. मध्ये पाणी प्यायलं असेल तर तेवढं मिळवायचं. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम गेला. भरपाई त्याच्या सव्वा ते दीडपट, पण पुढच्या काही तासांत वाटून करायची. तासाभराच्या मध्यंतरात अर्धा लिटर सहज जिरतं. त्याहून जास्त घेतलं तर उसळी मारताना पोटात पाणी डचमळतं.

मैदानावरची लक्षणं ओळखता आली तर दिवस सावरता येतो. चढाईहून परतताना पाय जड पडत असतील, बोनसची रेषा डोळ्यांसमोर असूनही पाऊल उशिरा पडत असेल, मुलगा विनाकारण चिडत असेल किंवा थंड घाम येत असेल, तर साखर कमी पडली आहे. मध्यंतरात सरबत द्यावं. तोंड कोरडं, डोकं जड, लघवी गडद पिवळी आणि थोडी असेल तर पाणी आणि मीठ कमी आहे. ढेकर, छातीशी आंबट आणि बरगडीखाली कळ असेल तर खाणं जास्त झालं किंवा उशिरा झालं. पुढच्या मध्यंतरात घन पदार्थ बंद करून फक्त सरबत. काही जणांना सामन्याआधी अर्ध्या-पाऊण तासानं गोड खाल्लं की उलट गळून गेल्यासारखं वाटतं, कारण इन्सुलिन वाढून साखर खाली येते. बहुतेकांच्या खेळावर याचा परिणाम दिसत नाही. ज्याला तो जाणवतो त्यानं गोड घ्यायचं ते वॉर्मअप सुरू झाल्यावर. मधुमेह असलेल्या खेळाडूनं हे आकडे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

यातलं काहीही स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा करू नये. एकाला केळं सोसतं, दुसऱ्याला त्यानं जडपणा येतो. एकाचं पोट खजुरानं गुडगुडतं, दुसऱ्याचं नाही. सरावात दोन सामने तासाभराच्या अंतरानं लावून मधलं खाणं ठरवून बघावं आणि जे बसलं तेच पिशवीत भरावं. संघाची पिशवी व्यवस्थापकाकडे असेल तर सामन्याआधी तिची जागा ठरलेली असावी, कारण पहिली दहा मिनिटं पिशवी शोधण्यात गेली तर खाण्याची वेळ निघून जाते.

अंतिम सामना झाल्यावर मात्र सकाळपासून बाजूला ठेवलेलं सगळं ताटात यावं: दूध, अंडी किंवा पनीर, उसळ, भाजी आणि सोबत भरपूर पोळी-भात. स्पर्धा दोन-तीन दिवसांची असेल तर हे जेवण आणखी महत्त्वाचं. स्नायूंचा साठा भरायला वीस-बावीस तास लागतात आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला सामना बारा-तेरा तासांवर असतो. पहिल्या दोन-चार तासांत साठा भरायची गती सगळ्यात जास्त असते, म्हणून मैदान सोडण्यापूर्वीच दूध-केळं किंवा ताक-भात पोटात जावा. रात्री साडेदहाला गावी पोचल्यावर घरचं जेवण होईलच, पण उद्याच्या दुसऱ्या सामन्याच्या उत्तरार्धात कामाला येईल ते बरंचसं साडेसात-आठला मैदानावरच खाल्लेलं असतं.